दहाची वेळ दहालाच राहावी म्हणून

अल्माटी हे कझाकस्तानातलं सर्वांत मोठं शहर. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका दवाखान्याने एका रुग्णाला पुढच्या वर्षीच्या ५ मार्चची, सकाळी दहाची वेळ दिली, असं समजू. संगणकात ती नोंद दोन प्रकारे ठेवता आली असती.

```
2024-03-05T10:00+06:00
2024-03-05T10:00  Asia/Almaty
```

पहिल्या ओळीत ऑफसेट आहे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेपासूनचं (यूटीसीपासूनचं) अंतर: सहा तास पुढे. दुसऱ्या ओळीत अंतराचा आकडाच नाही. तिथे फक्त एका खंडाचं आणि एका शहराचं नाव आहे. हेच त्या भागाच्या टाइम झोनचं नाव. डिसेंबरात या दोन्ही ओळींचा अर्थ तंतोतंत सारखा होता, आणि कुणी विचारलं असतं तर बहुतेकांनी पहिलीच निवडली असती. ती आटोपशीर आहे आणि वाचायला दुसरं काहीही लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कझाकस्तान सरकारने निर्णय घेतला की देशात दोन वेळा नकोत, एकच हवी. तोवर देशाचा पश्चिम भाग यूटीसीच्या पाच तास पुढे होता, तर अल्माटी आणि अस्तानासह उरलेला मोठा भाग सहा तास पुढे. १ मार्चपासून सगळा देश पाच तासांवर आला. २९ फेब्रुवारीच्या रात्री अल्माटीत बारा वाजले आणि घड्याळं एक तास मागे, पुन्हा अकरावर नेली गेली.

आता त्या दोन ओळी पुन्हा वाचा. पहिली सांगते, दहा वाजता आणि यूटीसीच्या सहा तास पुढे, म्हणजे यूटीसीप्रमाणे पहाटे चार. नव्या नियमाने यूटीसीचे चार म्हणजे अल्माटीतले नऊ. रुग्णाच्या फोनवरची आठवण तासभर आधी वाजते, दवाखान्याच्या पडद्यावर वेळ नऊची दिसते, आणि डॉक्टर मात्र दहालाच येणार असतात, कारण त्यांनी कधी नऊ म्हटलेलंच नव्हतं. दुसरी ओळ अजूनही दहाच म्हणते. तिचं यूटीसीतलं रूप आपोआप चारवरून पाचवर सरकतं. माणसांनी आपसांत जे ठरवलं होतं ते या ओळीत टिकून राहतं.

माझं म्हणणं या फरकावर उभं आहे. पुढे होणाऱ्या गोष्टीची वेळ जर एखाद्या ठिकाणच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ठरली असेल, तर तिच्याशी ऑफसेट जोडून ठेवणं म्हणजे ठरलेल्या गोष्टीत न ठरलेली गोष्ट मिसळणं. दहा वाजता भेटायचं हे दोघांनी ठरवलेलं असतं. त्या दिवशी अल्माटी यूटीसीच्या किती पुढे असेल हे त्या दोघांपैकी कुणीच ठरवलेलं नसतं. ते सरकार ठरवतं, आणि तोवर सहा हा आकडा फक्त अंदाज असतो. सार्वजनिक सेवांच्या नोंदी, त्यांच्या माहिती-देवाणघेवाणीचे नमुने आणि सरकारी तांत्रिक मानकं यांत हा अंदाज वस्तुस्थिती म्हणून लिहिला जातो. तो तसा लिहू देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

यावर सगळ्यात आधी येणारं उत्तर असतं, की ही भानगड उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांची आहे. जिथे वर्षभर एकच वेळ चालते तिथे ऑफसेट पुरेसा आहे. कझाकस्तानचं उदाहरण मी याच उत्तरासाठी निवडलं. त्या देशाने उन्हाळी वेळ केव्हाच सोडली होती. २००४ च्या ऑक्टोबरात अल्माटीतली घड्याळं शेवटची हलली आणि पुढची एकोणीस वर्षं जराही हलली नाहीत. एवढ्या काळात तिथे संगणक शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, प्रणाल्या लिहिलेल्या माणसाच्या लेखी +06:00 हा अल्माटीचा जन्मजात गुण असणार. मग सुमारे सहा आठवड्यांच्या सूचनेवर तो बदलला. एखाद्या ठिकाणचा ऑफसेट स्थिर आहे याचा अर्थ एवढाच, की आजवर तो कुणी बदललेला नाही.

नाव या बदलातून कसं तरतं, हे पाहण्यासारखं आहे. `Asia/Almaty` या नावामागे एक सार्वजनिक संग्रह आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, पॉल एगर्ट अनेक वर्षं तो सांभाळत आले आहेत, आणि २०११ पासून तो इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली आहे. बहुतेक फोन, सर्व्हर आणि डेटाबेस याच संग्रहाची कुठली ना कुठली प्रत वापरतात. त्यात प्रत्येक नावाखाली त्या ठिकाणच्या घड्याळाचा इतिहास ओळीओळीने लिहिलेला असतो. अल्माटीच्या नोंदीत शेवटी फक्त सहा तासांची एक ओळ होती. १ फेब्रुवारी २०२४ ला प्रसिद्ध झालेल्या `2024a` या आवृत्तीत तिच्या जागी दोन ओळी आल्या.

```
6:00  -  +06  2024 Mar  1  0:00
5:00  -  +05
```

पहिली ओळ म्हणते, १ मार्च २०२४ ची मध्यरात्र होईपर्यंत सहा तास. दुसरी म्हणते, त्यानंतर पाच. बदल एवढाच. जुना नियम खोडलेला नाही, त्याला फक्त शेवटची तारीख मिळाली. म्हणून जानेवारी २०२४ मधली जुनी नोंद आजही बरोबर सहा तासांनी वाचली जाते आणि मार्चमधली पाच तासांनी. नाव मात्र जसंच्या तसं आहे. जगभरातल्या कोट्यवधी नोंदींमध्ये कुणाला हात घालावा लागला नाही. नियमांची एक फाईल बदलली आणि त्या नावाकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद नवा अर्थ घेऊन उभी राहिली. ऑफसेट लिहिलेल्या नोंदीला असा बदल कळायला मार्गच नसतो, कारण ती नियमाकडे बोट दाखवत नाही. नियमाचं एके दिवशीचं उत्तर तिने स्वतःत कोरून घेतलेलं असतं.

नावात देश न घेता शहर घेतलं, हेही दूरदृष्टीचं होतं. देशांच्या सीमा बदलतात, देश फुटतात, एका देशात अनेक वेळा असतात. माणसांनी गजबजलेलं मोठं शहर त्या मानाने जागचं हलत नाही. म्हणून साधारणपणे त्या भागातलं सर्वाधिक वस्तीचं शहर घ्यायचं, राजधानी असो वा नसो, असा प्रघात पडला. कझाकस्तानची राजधानी १९९७ मध्ये अल्माटीहून हलली. नव्या राजधानीचं नाव १९९८ मध्ये अस्ताना झालं, २०१९ मध्ये नूर-सुलतान झालं, आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झालं. या सगळ्या काळात `Asia/Almaty` ला धक्का लागला नाही. शहराच्या नावाचं रोमन स्पेलिंगच बदललं, तर संग्रह नवं नाव घेतो आणि जुनं त्याला जोडून ठेवतो. २०२२ मध्ये `Europe/Kyiv` आलं तेव्हा `Europe/Kiev` चालायचं थांबलं नाही, आणि `Asia/Calcutta` लिहिलेल्या जुन्या नोंदी आजही `Asia/Kolkata` च्या नियमांनीच वाचल्या जातात.

दुसरं उत्तर अधिक वजनदार आहे, कारण ते अनुभवी लोकांकडून येतं: सगळं यूटीसीमध्ये साठवा आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदला. घडून गेलेल्या गोष्टींसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. पैसे कधी जमा झाले, दार कधी उघडलं, संदेश कधी पोचला, हे क्षण आहेत. ते होऊन गेले आहेत आणि कुठल्याही सरकारचा उद्याचा निर्णय ते हलवू शकत नाही. पुढच्याही काही गोष्टी अशाच असतात. सूर्यग्रहणाला कुठल्या देशाचं घड्याळ लागत नाही, आणि एखाद्या करारात मुदतच यूटीसीमध्ये लिहिली असेल तर ती तशीच ठेवावी. पण दवाखान्याची वेळ, न्यायालयातली तारीख, परीक्षेची सुरुवात, दुकान उघडण्याचा तास या गोष्टी क्षणाशी बांधलेल्या नसतात, स्थानिक घड्याळाशी बांधलेल्या असतात. त्यांचं आजच यूटीसीत रूपांतर करून मूळ वेळ टाकून दिली, तर जे ठरलं होतं ते पुसलं जातं आणि अंदाज तेवढा उरतो.

हे पुसणं अनेकदा नकळत होतं. पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या `timestamp with time zone` या प्रकाराच्या नावावरून कुणालाही वाटेल की वेळेबरोबर टाइम झोनही साठवला जातो. प्रत्यक्षात दिलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते आणि झोनचं नाव फेकून दिलं जातं. काळजीने `Asia/Almaty` लिहून पाठवणाऱ्या माणसाच्या नोंदीतही शेवटी पहाटेचे चार तेवढे उरतात. नाव टिकवायचं असेल तर स्थानिक वेळ, झोनचं नाव आणि हवी तर शोधासाठी काढलेली यूटीसी वेळ असे वेगळे रकाने ठेवावे लागतात, आणि नियमांची नवी आवृत्ती आली की पहिल्या दोनांवरून तिसरा पुन्हा काढावा लागतो. काम थोडं वाढतं, पण करणं अवघड नाही.

नाव टाकून दिलेल्या प्रणालीत बिघाड कसा दिसतो, हे माहीत असणं उपयोगाचं आहे, कारण तो चमत्कारिक वेळी उगवतो. नियमांची फाईल अद्ययावत होईपर्यंत सगळं ठीक दिसतं: साठवलेले चार, अधिक जुने सहा, बरोबर दहा. फाईल बदलताच पडद्यावर नऊ दिसू लागतात. साहजिकच लोक अपडेटला दोष देतात आणि ते मागे घेण्याची मागणी करतात. खरी खूण वेगळीच असते. अपडेटच्या आधी नोंदवलेल्या १ मार्चनंतरच्या सगळ्या वेळा बरोबर एक तास सरकलेल्या असतात, आणि अपडेटनंतर नोंदवलेल्या सगळ्या वेळा अचूक असतात. ही विभागणी दिसली की समजावं, रूपांतर नोंदवतानाच केलं गेलं होतं.

यावरचा घाईचा उपाय आणखी वाईट ठरतो. कुणीतरी १ मार्चनंतरच्या सगळ्या नोंदी सरसकट एक तास पुढे ढकलतं. जुनी नऊची वेळ पुन्हा दहा होते खरी, पण कालच नोंदवलेली अकराची वेळ बारा होऊन बसते. नीट दुरुस्ती करायची तर प्रत्येक नोंद कधी केली आणि त्या क्षणी त्या यंत्रावर नियमांची कोणती आवृत्ती होती, हे दोन्ही ठाऊक असावं लागतं. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेली नसते. एका साध्या शब्दाची नोंद न ठेवल्याची ही किंमत आहे, आणि ती मोजतो तो काउंटरवरचा कर्मचारी आणि समोर उभा असलेला माणूस.

नाव लिहिलं की सगळं सुटलं, असंही नाही. कझाकस्ताननेच नावाची मर्यादाही दाखवली आहे. डिसेंबर २०१८ पर्यंत क्यझलोर्दा आणि कोस्तानाय हे दोन प्रदेश `Asia/Qyzylorda` या एकाच नावाखाली होते, कारण १९७० पासून त्यांची घड्याळं सारखी चालत आली होती. १९७० नंतर जिथे जिथे घड्याळं जुळत आली तिथे एक नाव पुरे, असा या संग्रहाचा नियम आहे. २१ डिसेंबर २०१८ ला क्यझलोर्दा सहा तासांवरून पाचवर आलं आणि कोस्तानाय सहावरच राहिलं. त्या क्षणी एका नावात दोन नियम झाले, म्हणून `Asia/Qostanay` असं नवं नाव काढावं लागलं. कोस्तानायमधल्या ज्यांच्या नोंदी जुन्या नावाने होत्या, त्या नियम बदलताच चुकीच्या झाल्या, आणि त्या दुरुस्त करायला मूळ ठिकाण माहीत असणं भाग होतं. शिवाय ती आवृत्ती आली २३ डिसेंबरला, बदल होऊन गेल्यावर. म्हणून जिथे ठिकाण महत्त्वाचं आहे तिथे झोनच्या नावाबरोबर प्रत्यक्ष पत्ताही राहू द्यावा. एक नाव दोन नावांत फुटलं, तर कोणती नोंद कुठे जाईल हे फक्त पत्ताच सांगू शकतो.

आणखी एक जागा आहे जिथे नाव एकटं कमी पडतं. २९ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री अल्माटीत अकरा ते बारा हा तास दोनदा झाला. त्या रात्री साडेअकराला घडलेली घटना कोणत्या साडेअकराची? तिथे ऑफसेटच उत्तर देतो: +06 म्हणजे पहिला तास, +05 म्हणजे दुसरा. रात्री आठला कामावर येऊन सकाळी आठला सुटलेला माणूस त्या रात्री बारा नव्हे, तेरा तास काम करून गेला. त्याची मजुरी बरोबर काढायची तर येण्याजाण्याच्या नोंदीत ऑफसेट किंवा यूटीसी असलाच पाहिजे. माझा विरोध ऑफसेटला नाही. पुढच्या वेळेसाठी एकटा ऑफसेट पुरेसा मानण्याला आहे.

दोन्ही एकत्र ठेवण्याची रीत आता मानकातही आली आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९५५७ प्रमाणे वेळ अशी लिहिता येते.

```
2024-03-05T10:00:00+06:00[Asia/Almaty]
```

ही ओळ आज वाचणाऱ्या प्रोग्रामला कळतं की अल्माटीत त्या दिवशी +06 असणं शक्य नाही. म्हणजे ही नोंद जुन्या नियमाच्या काळात लिहिली गेली आणि मध्ये काहीतरी बदललं. मग घड्याळातले दहा जपायचे की तो क्षण जपायचा, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला जाणीवपूर्वक ठरवावं लागतं. जावास्क्रिप्टमधली टेम्पोरल ही नवी सोय अशी विसंगत ओळ मुकाट्याने स्वीकारतच नाही. काय करायचं ते सांगितलं नसेल तर ती त्रुटी दाखवून थांबते. मला हे योग्य वाटतं. गप्पपणे तासभर सरकलेल्या वेळेपेक्षा दिसणारी त्रुटी कितीतरी बरी.

नावावर भिस्त ठेवण्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. नावाला अर्थ देणारी फाईल प्रत्येक यंत्रावर ताजी असावी लागते, आणि जुन्या फोनवर ती पोचत नाही. अशा फोनवर १ मार्चनंतर अल्माटीची वेळ तासभर पुढे दिसणार. लोक मग हाताने घड्याळ एक तास मागे करतात. दिसायला वेळ बरोबर होते, पण फोनला अजूनही आपण सहा तासांवर आहोत असंच वाटत असतं, त्यामुळे त्याची आतली यूटीसी वेळ एका तासाने चुकते आणि त्याने पाठवलेल्या प्रत्येक नोंदीवर चुकीचा शिक्का बसतो. त्यातल्या त्यात बरी तडजोड म्हणजे घड्याळाला हात न लावता सेटिंगमध्ये आधीपासून पाच तासांवर असलेलं ताश्कंदसारखं शहर निवडणं. यूटीसी शाबूत राहतो आणि आजची वेळ बरोबर दिसते. फेब्रुवारीतल्या आणि त्याआधीच्या जुन्या नोंदी तेवढ्या तासाने मागे दिसतील. पण या आक्षेपातून ऑफसेटची बाजू मजबूत होत नाही. फाईल उशिरा पोचली तरी पोचल्यावर नावाची नोंद आपोआप सुधारते. ऑफसेटची नोंद फाईल वेळेवर पोचली तरी सुधारत नाही.

या आक्षेपाचा खरा रोख सरकारांकडे असायला हवा. संग्रह सांभाळणाऱ्यांची विनंती आहे की बदल किमान वर्षभर आधी, कायद्याच्या आधारासह कळवावा. कझाकस्तानने सुमारे सहा आठवडे दिले, आणि तेही पुष्कळ म्हणावं असे दाखले आहेत. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ जवळपास महिनाभर लांबणीवर टाकण्याचं जाहीर केलं, तेही ती सुरू व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना. चर्चने आणि काही वृत्तवाहिन्यांनी ते मानलं नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. मग सरकारने निर्णय फिरवला. संग्रहाने लांबणीवर टाकल्याची नोंद करणारी आवृत्ती काढली होती. पाचेक दिवसांत ती रद्द करून आधीचाच मजकूर पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. वेळेचा नियम बदलणं हा सरकारचा अधिकार आहे. पण तो बदल यंत्रांपर्यंत पोचायला लागणारा अवधी कायद्यानेच बांधून द्यावा, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. कराचा दर बदलताना आपण अंमलाची तारीख पुढची ठेवतोच.

आणि हा अवधी मिळाला तरी मानकांचं काम उरतंच. अनेक सरकारी आणि बँकिंग नमुन्यांमध्ये वेळेचा रकाना असा घडवलेला असतो की त्यात ऑफसेट लिहायला जागा असते आणि नाव लिहायला नसते. कारण तारीख आणि वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने नावाला कधी जागाच दिली नाही आणि नमुने त्यावरून बेतले गेले. असा नमुना वापरणाऱ्या कार्यालयाने कितीही काळजी घेतली तरी नाव पुढे पाठवता येत नाही. हे दुरुस्त करायला भेटी, सुनावण्या, परीक्षा, प्रवास अशा पुढच्या स्थानिक वेळांच्या प्रत्येक रकान्याशेजारी झोनच्या नावाचा एक सक्तीचा रकाना जोडावा लागेल.

युरोपीय संघात हा प्रश्न आजच टेबलावर आहे. वर्षातून दोनदा घड्याळ बदलणं थांबवावं असा प्रस्ताव २०१८ मध्ये आयोगाने मांडला आणि २०१९ मध्ये संसदेने त्याला पाठिंबा दिला. नंतर सदस्य देशांच्या पातळीवर तो अडकून पडला. तो कधी मार्गी लागलाच, तर प्रत्येक देशाला कायमची उन्हाळी वेळ आणि कायमची हिवाळी वेळ यांतली एक निवडावी लागेल. त्या दिवशी तिथल्या भविष्यातल्या नोंदींपैकी ज्यांच्यात `+01:00` किंवा `+02:00` एवढंच लिहिलेलं असेल, त्या एकेक करून तपासाव्या लागतील, आणि ज्यांच्यात `Europe/Paris` किंवा `Europe/Warsaw` लिहिलेलं असेल, त्यांना फक्त नवी फाईल लागेल.